दूध तापवल्याने ताकद जात नाही: तालमींच्या वस्तादांना आणि दूध कट्ट्यावरच्या म्हैसमालकांना खुले पत्र

कोल्हापुरातल्या तालमींचे वस्ताद आणि रात्री कट्ट्यावर म्हशी घेऊन उभे राहणारे म्हैसमालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी इथलाच. पोरवयात चार वर्षं हौद्यातली माती अंगाला लावली. पुढे दुग्धशास्त्र शिकलो आणि एकतीस वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासत काढली. धारोष्ण दुधाचा पेला माझ्याही ओठांना लागलेला आहे. फेसाची पांढरी मिशी पुसत कट्ट्यावर उभं राहण्यातली मजा मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच हे पत्र बाहेरच्या माणसाचं समजू नका.

कट्ट्याची एक गोष्ट खरोखर मोठी आहे. म्हैस समोर उभी, धार समोर निघते, त्यामुळे पाण्याचा थेंब मिसळायला जागा नाही. भेसळीवर याहून सोपा इलाज मी बघितलेला नाही. पण समोर काढलेलं दूध भेसळीचं नसतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ते रोगाचं नसतं हे सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींची आपण गल्लत करत आलो आहोत आणि तिची किंमत गेल्या वर्षी आमच्या भावकीतल्या एका पोरानं मोजली.

पोरगा एकवीस वर्षांचा, तालमीत राहणारा. दिवसभर बरा असायचा, दिवे लागणीला ताप चढायचा आणि पहाटे घामानं अंथरूण पिळून काढावं लागायचं. चार दिवस उतार पडला की वाटायचं गेला, पण परत चढायचा. कंबर धरली, जोर मारता येईनात. टायफॉईड समजून गोळ्या झाल्या, मलेरियाचं रक्त दोनदा तपासून झालं. दोन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. शेवटी एका बाजूचा अंडकोष सुजला, तेव्हा घरच्यांची झोपच उडाली. त्या वेळी एका वयस्कर डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला तो आधीच कुणीतरी विचारायला हवा होता: "गुरात वावरतोस का? दूध कच्चं पितोस का?" रक्ताची तपासणी ब्रुसेला नावाच्या जंतूसाठी केली आणि उत्तर मिळालं. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन अशी दोन औषधं सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता घ्यायची. मध्येच बरं वाटलं म्हणून सोडली तर हा ताप पुन्हा उलटतो. पोरगा बरा झाला, पण त्याचा कुस्तीचा हंगाम गेला.

तो ज्यांच्याकडे दूध प्यायचा, ते मालक सरळ माणूस. आम्ही विचारल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. पाचपैकी एक म्हैस चार महिन्यांपूर्वी सातव्या महिन्यात गाभडली होती, जारही अडकला होता. तो त्यांनी स्वतःच्या उघड्या हातानं काढला होता. पुढे म्हैस सावरली, खाऊ लागली, दुधाला बसली. मालकांच्या परवानगीनं पशुवैद्यांनी पाचही जनावरांचं रक्त घेतलं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्तजलाचा एक थेंब आणि शेजारी गुलाबी द्रवाचा तेवढाच एक थेंब घ्यायचा, काडीनं मिसळायचे आणि फरशी हलक्या हातानं चार मिनिटं डोलवायची. याला रोझ बेंगाल चाचणी म्हणतात. चार थेंब गुलाबी आणि सपाट राहिले. पाचव्यात रव्यासारखे कण दिसू लागले. ती तीच म्हैस होती.

ती म्हैस कशी दिसत होती, हे नीट लक्षात घ्या. अंगावर तकाकी होती, डोळे स्वच्छ होते, कास मऊ होती. दूध दाट, पांढरंशुभ्र, वास चांगला. मी स्वतः ते तपासलं. फॅट उत्तम होतं, लॅक्टोमीटर जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा, खोडसाळपणा हाच आहे. जंतू गर्भाशयात आणि कासेजवळच्या गाठींत घर करतो. जनावर बहुतेक वेळा एकदाच गाभडतं, पुढची वेतं पूर्ण होतात आणि मालक ती गोष्ट विसरून जातो. दुधातून जंतू मात्र महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं येत राहतो. हा बाहेरून पडलेला घाणीचा जंतू नाही. तो धारेतूनच येतो. सड कितीही धुतले, भांडं कितीही घासलं, तरी त्याला अडवता येत नाही.

बाहेरून येणारे वेगळेच. म्हैस रस्त्यावर उभी असते, शेपटी मारते, शेणाचा शिंतोडा कासेवर असतो. त्यातून साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर आणि ई-कोलायच्या घातक जाती दुधात उतरू शकतात. धडधाकट पैलवानाला त्यानं चार दिवसांची हगवण लागेल. पण त्याच पेल्यातले दोन घोट कौतुकानं पाच वर्षांच्या पोराला पाजले आणि ई-कोलायची ती जात पोटात गेली, तर पोराची किडनी बंद पडू शकते. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजमध्येही वाढतो आणि गरोदर बाईचा गर्भ पाडतो. पण हे पत्र मी ब्रुसेलावरच रेटतोय. कारण "आम्ही लई स्वच्छ धार काढतो" या उत्तराला तो अजिबात दाद देत नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा जिथे उलगडली, ते ठिकाण ऐकून तुम्हाला नवल वाटेल. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रजांची मोठी फौज होती आणि तिथले शिपाई असल्याच चढउताराच्या तापानं दरसाल अंथरुणाला खिळायचे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं १८८७ साली तापानं मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा काढला. ब्रुसेला हे नाव त्यांच्यावरून पडलं. पण तो माणसात शिरतो कुठून, हे पुढची अठरा वर्षं कळेना. हवा, पाणी, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९०५ साली थेमिस्टोक्लेस झामित या माल्टाच्याच डॉक्टरनं तिथल्या शेळ्या तपासल्या. शेळ्या धडधाकट होत्या, म्हणून त्यांच्यावर कुणाचा संशयच नव्हता. त्यांच्या रक्तात आणि दुधात हा जंतू निघाला. त्या काळी माल्टातले गवळी शेळ्यांचे कळप गल्लोगल्ली हाकत आणायचे आणि गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच भांड्यात धार काढून द्यायचे. लोकांचा भरवसा त्या ताज्या धारेवरच होता. १९०६ मध्ये फौजेला शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि छावणीतला तो ताप झपाट्यानं ओसरला. माल्टाच्या त्या दारात आणि आपल्या कट्ट्यात मला फारसा फरक दिसत नाही.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. वस्ताद, तुम्ही म्हणता की जाळावर ठेवलं की दुधाची ताकद जाते. मी त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकणार नाही, कारण उष्णतेनं दुधात बदल होतो हे खरं आहे. किती होतो आणि कशात होतो, ते बघू.

पाश्चरायझेशन म्हणजे उकळणं नव्हे. दूध ठरलेल्या तापमानाला, ठरलेला वेळ धरायचं आणि लगेच गार करायचं. दोन रीती मुख्य आहेत. ६३ अंश सेल्सिअसला तीस मिनिटं, किंवा ७२ अंशाला पंधरा सेकंद. दोन्ही झाल्यावर ४ अंशांपर्यंत थंड. तापमान वाढवलं की वेळ झपाट्यानं कमी लागतो, म्हणून दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच. हे आकडे अंदाजानं घेतलेले नाहीत. दुधातून येणाऱ्या रोगजंतूंत क्षयाचा जंतू चिवट म्हणून आधी त्याच्यावर माप बसवलं. पुढे क्यू-फीव्हरचा जंतू त्याहून थोडा जास्त तग धरतो असं दिसलं, म्हणून १९५६ साली अमेरिकेत संथ रीतीचं तापमान साधारण एका अंशानं वाढवलं. ब्रुसेला या मापात पार मरतो.

डेअरीत दूध गरम पत्र्यांमधून वाहतं आणि मग एका लांब नळीतून जातं. ती नळी अशा मापाची असते की आत शिरलेल्या थेंबाला बाहेर पडायला किमान पंधरा सेकंद लागावेत. नळीच्या टोकाला एक झडप असते. तापमान ठरलेल्या आकड्याच्या खाली घसरलं की झडप आपोआप फिरते आणि ते दूध पुढे न जाता पुन्हा मागच्या टाकीत पडतं. एवढ्यावरही आम्ही विसंबत नव्हतो. दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एक विकर मुळातच असतं. क्षयाचा जंतू मरायला जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित जास्त उष्णतेला ते निकामी होतं. म्हणजे ते मेलं असेल तर जंतू त्याच्या आधीच मेले. रोज सकाळी परीक्षानळीत पाच मिली रसायन घ्यायचं, त्यात एक मिली दूध टाकायचं, ३७ अंशांच्या पाण्यात दोन तास ठेवायचं. कच्च्या दुधाची नळी हळदीसारखी पिवळी होते. नीट पाश्चराइज झालेल्या दुधाची नळी पांढरीच राहते. पाचशे लिटरात एखादा लिटर कच्चं दूध मिसळलं असेल, तरी पिवळी झाक दिसते. एकतीस वर्षांत ती झाक मी मोजक्याच वेळा पाहिली आणि प्रत्येक वेळी ती अख्खी टाकी अडवली.

आता ताकदीचा हिशेब. तुमचा पैलवान दिवसाला दोन लिटर म्हशीचं दूध पितो असं धरू. त्यातली प्रथिनं साधारण सत्तर ते ऐंशी ग्रॅम. पाश्चराइज केल्यावरही तेवढीच. मांसपेशी बांधायला जी अमिनो आम्लं लागतात, त्यांतलं लायसिन एकदोन टक्के कमी होतं, बस्स. फॅट तेवढंच, साखर तेवढीच, कॅल्शियम तेवढंच. अ आणि ड ही जीवनसत्त्वं फॅटमध्ये असतात, त्यांना या उष्णतेनं काही होत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांना थोडी झळ लागते. ब-१ आणि ब-१२ दहा टक्क्यांच्या आतबाहेर घटतात. क जीवनसत्त्व जास्त घटतं, वीस टक्क्यांपर्यंत. पण दुधात ते मुळातच नावापुरतं असतं. दोन लिटरांतून फार तर आठदहा मिलिग्रॅम जाईल, आणि एका बेताच्या पेरूत शंभरावर मिलिग्रॅम असतं. ब-१ ची जी घट होते, ती ज्वारीच्या अर्ध्या भाकरीत भरून निघते.

घरी उकळलं तर ही घट वाढते, तेही सांगतो. पातेलं तासभर जाळावर ठेवून आटवलं, किंवा तेच दूध दिवसातून चारदा उकळलं, तर ब गटातली जीवनसत्त्वं बरीच जातात. एक उकळी आणून उतरवलेल्या दुधात तेवढं नुकसान नसतं. ब-२ ची गोष्ट तर उलटीच आहे. ते उष्णतेला दाद देत नाही, पण उन्हानं जातं. दूध उन्हात काचेच्या बाटलीत ठेवणं हे त्याला जाळापेक्षा वाईट.

प्रथिनं "मरतात" असं तुम्ही म्हणता, तेव्हा तुम्ही खरोखर काहीतरी पाहिलेलं असतं. उकळलेल्या दुधावर साय धरते, दह्याची वीण बदलते, वास वेगळा येतो. दुधातल्या निवळीच्या प्रथिनांच्या घड्या उष्णतेनं उलगडतात, हे त्याचं कारण. पाश्चरायझेशनमध्ये त्यातला लहानसा भाग उलगडतो, उकळताना बराच. पण उलगडणं म्हणजे नष्ट होणं नव्हे. अंडं उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, म्हणून तुम्ही पैलवानाला कच्चं अंडं द्यायला लागत नाही. पोटातल्या आम्लात प्रत्येक प्रथिनाच्या घड्या उलगडाव्याच लागतात, त्याशिवाय पचनच होत नाही.

राहिली विकरं. कच्च्या दुधातली विकरं पचनाला मदत करतात, असं हल्ली मोबाईलवर फिरतं. दुधातली साखर पचवायला लॅक्टेज लागतं आणि ते म्हशीच्या किंवा गाईच्या दुधात नसतंच. ते आपल्या आतड्यात तयार होतं. ज्यांना दूध पचत नाही अशा सोळा जणांवर स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रयोग झाला, २०१४ साली तो छापून आला. कच्च्या दुधानं त्यांचा त्रास पाश्चराइज केलेल्या दुधापेक्षा कमी झाला नाही. दुधात जे लायपेज असतं, त्याचं काम आपल्या उपयोगाचं नाही. ते फॅट फोडतं आणि दुधाला खवट वास आणतं.

पाश्चरायझेशनला काय जमत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. ते दूध निर्जंतुक करत नाही. काही जंतूंचे बीजाणू त्यातून वाचतात, म्हणून पिशवीचं दूध गार ठेवावं लागतं आणि तरी ते नासतं. आपल्याकडे पिशवी डेअरीतून निघून घरी येईपर्यंत किती वेळा उन्हात पडते ते दिसत नाही, म्हणून पिशवीच्या दुधालाही एक उकळी द्यावी असं माझं मत आहे. दगडी झालेल्या कासेचं दूध, म्हणजे स्तनदाहाचं दूध, तासन् तास कोमट राहिलं तर त्यात स्टॅफिलोकोकस जंतू विष सोडतो. नंतर उकळून जंतू मरतो, विष राहतं, आणि दोनचार तासांत उलट्या सुरू होतात. जनावराला टोचलेलं प्रतिजैविक किंवा बुरशी लागलेल्या पेंडेतून आलेलं अफ्लाटॉक्सिन, यांपैकी काहीही तापवून जात नाही. तिथे गोठ्यातच काळजी घ्यावी लागते.

तर मागणं काय आहे?

म्हैसमालकांनो, कट्टा बंद करा असं मी म्हणत नाही. धार गिऱ्हाइकासमोरच काढा. फक्त कट्ट्यावर एक शेगडी आणा. उकळलेल्या दुधाचा वास नको असेल तर ही रीत करून बघा. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुधाचं पातेलं, आणि दुधात बुडवायचा सळीचा थर्मामीटर. धारेचा फेस आधी चमच्यानं काढून टाका. फेस दुधापेक्षा गार राहतो आणि त्यात जंतू वाचतात. पेल्यावरचा फेस हीच कट्ट्याची शान आहे, हे मला ठाऊक आहे, पण तो नंतर दुधाची उंचावरून धार धरूनही येतो. दूध ढवळत ६५ अंशांपर्यंत न्या. दोन अंश जास्त सांगतोय, कारण शेगडीवर तापमान हलतं. मग झाकण ठेवा, अधूनमधून ढवळा आणि तीस मिनिटं ते ६५ च्या खाली येऊ देऊ नका. खाली आलं तर तीस मिनिटं नव्यानं मोजा. शेवटी बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून गार करा. एवढ्या उष्णतेला उकळलेला वास येत नाही, चव जवळपास धारोष्ण दुधासारखीच राहते. घाई असेल तर ढवळत एक खळखळून उकळी, तीही पुरेशी आहे.

दुसरं, गोठ्याचं. केंद्र सरकारच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि रेडकांना ब्रुसेलाची एस-१९ लस देतात. आयुष्यात एकदाच टोचायची. नरांना नाही, गाभण जनावरांना नाही. तुमच्या रेडीचं ते वय निघून गेलं की ती संधी परत येत नाही. दुधातल्या म्हशींचं रक्त वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि एखादी म्हैस पाचव्या महिन्यानंतर गाभडली, तर तिचं दूध त्या दिवसापासून कट्ट्यावर आणू नका, पडलेला गर्भ आणि जार हातमोज्याशिवाय हाताळू नका, कुत्र्यापुढे टाकू नका. खोल पुरा, वर चुना घाला आणि डॉक्टरांना कळवा. आमच्या पोराला ताप दुधातून आला. पण त्या मालकांच्या स्वतःच्या हातावर जाराचं पाणी गेलं होतं. त्यांचंही रक्त तपासायला आम्हीच त्यांना नेलं.

वस्ताद, तुमच्याकडे एकच मागणं. खुराकाचं दूध तापवूनच द्यायचं, असं तालमीत तुम्ही एकदा सांगा. डॉक्टरांचं पोरं ऐकतील न ऐकतील, तुमचा शब्द मोडणार नाहीत. आणि एखाद्याला संध्याकाळचा ताप, पहाटेचा घाम आणि कंबरदुखी आठवड्याच्या वर राहिली, तर डॉक्टरांपुढे बसताच त्यानं स्वतःहून सांगावं, "मी कच्चं दूध प्यायलोय." आमच्या पोराचे दोन महिने या एका वाक्याअभावी गेले.

थर्मामीटर माझ्याकडे तीन आहेत. फॉस्फेटेजची रसायनंही मी आणून ठेवली आहेत. कच्च्या दुधाची एक नळी आणि तुमच्याच शेगडीवर ६५ अंशांवर धरलेल्या दुधाची एक नळी शेजारी शेजारी ठेवू, दोन तास गप्पा मारू आणि कुठली पिवळी होते ते तुम्हीच बघा. कुठल्या कट्ट्यावर आणि कुठल्या रात्री यायचं, तेवढा निरोप धाडा.

आपला,
दुधाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला तुमचाच एक जुना गडी